बेरीजवाले भिंतीला

नमुना पाठाला उभ्या राहिलेल्या बाईचे हात थरथरत असले, तर ते पहिल्यांदा मुलांना कळतं. परीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात, त्यांना फक्त फळ्यावरचं अक्षर दिसतं. म्हणून मी खडू घट्ट धरला आणि सातवी ब कडे पाहून हसले. पहिल्या बाकावरचा एक चुणचुणीत मुलगा, त्याचं नाव साई, माझ्या हाताकडेच टक लावून बघत होता. कार्टं हुशार दिसत होतं.

नाशिकमधल्या त्या शाळेत गणिताची एक जागा निघाली होती. एकच, पण कायमची. उमेदवार तिघं. मी गेली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास घ्यायचे तितक्याचेच पैसे, आणि मे महिन्यात हवा खायची. सासूबाई दर सणाला विचारत, "शुभांगी, कायम कधी होणार गं?" जणू ते माझ्याच हातात होतं आणि मी मुद्दाम लांबवत होते. पुढच्या वर्षी वयाची अट मला गाठणार होती. त्यामुळे ही संधी गेली की कायमची गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

विषय चिठ्ठी उचलून ठरवला. माझ्या चिठ्ठीत निघालं, "वेग, अंतर, वेळ". मी मनातल्या मनात देवीला हात जोडले. कारण मागच्या बाकावर विषयतज्ज्ञ म्हणून बसले होते धनराज देवरे सर, आणि हा धडा मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

देवरे सर म्हणजे नाशिकमधल्या निम्म्या गणित शिक्षकांचे गुरू. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्यांचा क्लास असे, पहाटे. त्या क्लासची एक रीत होती. सर सरासरी वेगाचं गणित घालायचे. जे पोर दोन वेगांची बेरीज करून दोनने भागायचं, त्याला सर ओरडायचे, "बेरीजवाले भिंतीला!" मग ती पोरं तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी एकदाही भिंतीला उभी राहिले नाही. त्याचा मला भारी अभिमान होता. सरांचे विद्यार्थी पुढे मास्तर झाले, आणि रीतही त्यांच्याबरोबर शाळाशाळांत गेली. सातवी ब ची पोरंही ती जाणून होती, कारण मी "सरासरी" हा शब्द उच्चारल्याबरोबर दोघातिघांनी आधीच भिंतीकडे बघून घेतलं.

सरांच्या शेजारी मुख्याध्यापिका साधना मॅडम बसल्या होत्या, बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. आणि त्यांच्या पलीकडे संस्थेचे सचिव महेशराव, पांढऱ्या कडक कपड्यांत, मोबाइल उलटा मांडीवर ठेवून. शेवटचा शब्द महेशरावांचा, पण गणितातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, म्हणून ते सरांच्या चेहऱ्याकडे बघून आपला चेहरा ठरवत. मीही मधूनमधून तिकडेच बघत होते. खोटं कशाला बोला?

मी गणित घातलं. "एक टेंपो रिकामा नाशिकहून वणीला गेला, ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने. तिथे टोमॅटोचे क्रेट भरले आणि त्याच रस्त्याने परत आला, ताशी तीसने. जाऊन-येऊन सरासरी वेग किती?"

"साडेसदतीस!" अर्धा वर्ग ओरडला. आणि ओरडून झाल्यावर घाबरला.

"कोणी उठायचं नाही," मी म्हटलं. "भिंत कुठे पळून जात नाही. आधी टेंपोबरोबर जाऊ या. वणी किती लांब धरायचं?"

"पंचेचाळीस किलोमीटर," साई म्हणाला. "माझे मामा तिथलेच आहेत."

"मग जायला किती वेळ?"

"एक तास."

"आणि यायला?"

पंचेचाळीस भागिले तीस. ओम नावाच्या मुलाने बाकावरूनच उत्तर दिलं, "एक पॉइंट तीस तास." मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्याने लिहिलं, एकूण वेळ २.३० तास, आणि जाऊन-येऊनच्या नव्वद किलोमीटरना तेवढ्याने भागायला बसला. घाम फुटला त्याला, कारण भाग जाईना.

"तुझ्या घड्याळात तासाची मिनिटं किती?"

"साठ."

"मग तीस मिनिटं म्हणजे तासाचा कितवा भाग?"

"अर्धा." तो थांबला. "म्हणजे दीड तास. एक पॉइंट पाच!"

"घड्याळात एक तास तीस मिनिटं, भागाकारात दीड. तुझ्या आजीला विचारलं असतंस तर तिने आधीच सांगितलं असतं. आपल्या भाषेत दीड-अडीच आहे ते उगाच नाही."

वर्ग हसला. ओमने २.३० खोडून २.५ केलं. नव्वद किलोमीटर, अडीच तास, उत्तर छत्तीस. साडेसदतीस नव्हे. मी विचारलं, असं का झालं? बंटी नावाचा एक जाडजूड मुलगा म्हणाला, "मॅडम, भरलेला टेंपो जास्त वेळ रस्त्यावर राहिला. म्हणून हळूवाल्याचं पारडं जड झालं." इतकं नेमकं मला बी.एड.ला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याचं वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. त्याखाली लिहिलं, सरासरी वेग = एकूण अंतर ÷ एकूण वेळ.

मागे सरांनी मान डोलावली. सरांची मान डोलली म्हणून महेशरावांचीही डोलली. पुढे एककांचं रूपांतर घेतलं. ताशी छत्तीस किलोमीटर म्हणजे छत्तीस हजार मीटर, तासाचे सेकंद छत्तीसशे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. उलट जायचं असेल तर सेकंदाच्या मीटरांना अठराने गुणा, पाचाने भागा. पोरांनी फटाफट केलं. सगळं लग्नाच्या पंगतीसारखं सुरळीत चाललं होतं, आणि अशाच वेळी कोणीतरी उठतो.

देवरे सर उठले.

"बाई, छान. पण मुलांना सूत्र द्या की. परीक्षेत टेंपोबरोबर वणीला जायला वेळ कुठे असतो?"

मी म्हटलं, "सर, सूत्र पुढच्या तासाला देणार होते. आधी कळू दे म्हटलं."

"पुढच्या तासाला तुम्ही इथे असाल की नाही, ते अजून ठरायचंय," ते हसून म्हणाले. महेशराव मोठ्याने हसले. मीही हसले, दुसरं काय करणार? सर फळ्यापाशी आले, माझ्या हातातून खडू घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले दोन वेगांची बेरीज. टेंपोवर लावून दाखवलं. पंचेचाळीस गुणिले तीस, तेराशे पन्नास. दुप्पट सत्तावीसशे. भागिले पंचाहत्तर. छत्तीस. पोरांनी आ वासला.

"आता माझं एक गणित," सर म्हणाले. "मी क्लासला नेहमी घालतो. एक एसटी पहिली वीस मिनिटं ताशी चोपन्न किलोमीटर वेगाने गेली. पुढची वीस मिनिटं सेकंदाला दहा मीटर वेगाने. सरासरी वेग ताशी किती किलोमीटर? लिहा वहीत. आणि बेरीजवाले कुठे जाणार, ते ठाऊक आहे ना?"

"भिंतीला," वर्ग एका सुरात म्हणाला.

पोरं खाली वाकली. मीही मनातल्या मनात करायला लागले. सेकंदाला दहा मीटर म्हणजे ताशी छत्तीस. चोपन्न गुणिले छत्तीस, एकोणीसशे चव्वेचाळीस. दुप्पट तीन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. भागिले नव्वद. त्रेचाळीस पूर्णांक दोन दशांश. बरोबर, मी स्वतःला म्हटलं, आणि बाकांमधून फिरू लागले. साईच्या वहीत त्रेचाळीस पूर्णांक दोन दशांश. ओमच्या वहीत तेच. बंटीचं गुणाकारात चुकलं होतं, पण वाट तीच होती.

खिडकीजवळ एक मुलगी बसली होती, दोन घट्ट वेण्या घातलेली. वहीवर नाव होतं स्नेहा. तिच्या वहीत दोनच ओळी होत्या. दहा मीटर म्हणजे छत्तीस किलोमीटर. चोपन्न अधिक छत्तीस, नव्वद, अर्धे पंचेचाळीस.

मी तिच्या वहीवर बोट ठेवलं आणि हळू म्हटलं, "परत बघ." आपण शिक्षक लोक हे दोन शब्द कसे सहज टाकतो! तिने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण तिने खोडरबर उचललं नाही.

"काय झालं तिथे?" सरांनी विचारलं. ते माझ्या मागेच येऊन उभे होते. त्यांनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला, जणू हरवलेलं काही सापडलं. "हे बघा! वर्गात एक तरी निघतेच. बेरीज केलीस ना पोरी?"

"हो सर."

"आत्ता फळ्यावर काय शिकवलं?"

तिने फळ्याकडे पाहिलं.

"नाव काय?"

"स्नेहा."

"स्नेहाबाई, बेरीजवाले कुठे?"

ती उठली. तिच्या बाकावरून पेन खाली पडलं, तेही तिने उचललं नाही. साधना मॅडम मागून म्हणाल्या, "सर, नमुना पाठ आहे, राहू द्या." सर हसले. "मॅडम, भिंतीला उभी राहिलेली पोरं जन्मात ही चूक करत नाहीत. अनुभव आहे."

मी फळ्याकडे पाहिलं. का पाहिलं, ते माहीत नाही. सरांचं अक्षर ठसठशीत होतं, त्याच्या शेजारी माझं बारीक होतं. एकूण अंतर भागिले एकूण वेळ. आणि त्याच्यावर बंटीचं वाक्य, भरलेला टेंपो जास्त वेळ रस्त्यावर राहिला. जास्त वेळ. आणि सरांच्या एसटीचं काय? पहिली वीस मिनिटं. पुढची वीस मिनिटं.

मी बाकांमध्येच थबकले.

एसटी कुठल्याच वेगाने जास्त वेळ राहिली नव्हती. वीस आणि वीस. दोन्ही पारडी सारखी. मग बेरजेचं अर्धं हेच उत्तर. पंचेचाळीस. पोरगी बरोबर होती आणि आम्ही सगळे, मी धरून, चुकलो होतो. सरांनी मघाशी काय म्हटलं होतं? मी क्लासला नेहमी घालतो.

स्नेहा भिंतीकडे निघाली होती. वर्गाच्या टोकाशी भिंत, मध्ये तीन बाकं. खरं सांगते, तेवढ्या अंतरात मी खूप हिशेब केले. सरांना आत्ता बोलले नाही, तर पाठ उत्तम झाला होता. सर माझे गुरू, मी त्यांची विद्यार्थिनी, महेशराव त्यांच्या मानेकडे बघणार. जागा माझी. नंतर सवडीने, चहाच्या वेळी, सरांच्या कानात सांगता आलं असतं, सर, त्या एसटीचं जरा बघता का? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? आणि मुलीला काय, दहा मिनिटं भिंत. आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

तिने भिंतीला नाक लावलं. वेण्या पाठीवर सरळ लोंबत होत्या. आणि तिचा हात हळूच वर आला, तिने बाहीने डोळे पुसले.

"स्नेहा, इकडे ये," मी म्हटलं.

सर म्हणाले, "बाई, राहू द्या तिला. पुढे चला."

"एक मिनिट, सर. मला तिला एक विचारायचंय."

"शुभांगी." आता सर हळू बोलले, पूर्वी क्लासात बोलायचे तसे, एकेरी, मायेने. "वेळ थोडा आहे. उत्तर त्रेचाळीस पूर्णांक दोन दशांश. लिही आणि पाठ संपव. चांगला झालाय."

ही सुटकेची शिडी होती, आणि ती त्यांनी मनापासून दिली होती. मी तिच्यावर पाय ठेवला नाही. मला स्वतःचाच राग येत होता की हे सगळं मलाच का करावं लागावं.

"सर," मी म्हटलं, "उत्तर पंचेचाळीस आहे."

महेशरावांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे काही सापडेना म्हणून माझ्याकडे पाहिलं.

"काय?" सर म्हणाले.

मी स्नेहाला भिंतीपासून फळ्यापाशी आणलं. तिच्या हातात खडू दिला. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर होता. "पहिल्या वीस मिनिटांत एसटी किती लांब गेली?"

"वीस मिनिटं म्हंजे..." ती घाईत घरचं बोलू लागली, "तासाचा तिसरा हिस्सा. चोपन्नचा तिसरा. अठरा किलोमीटर."

"पुढच्या वीस मिनिटांत? सेकंदाला दहा मीटर."

ती अडकली. पहिल्या बाकावरून साई कुजबुजला, "सेकंद कर." मी त्याला दटावलं नाही.

"मिनिटाचे साठ," ती म्हणाली, "वीस मिनिटांचे बाराशे सेकंद. दहा-दहा मीटर. बारा हजार मीटर." तिने लिहिलं आणि तीन शून्यं हाताने झाकली. "बारा किलोमीटर."

"एकूण?"

"तीस."

"एकूण वेळ?"

"चाळीस मिनिटं." तिने क्षणभर फळ्याकडे पाहिलं. "चाळीस मिनिटांत तीस, तर वीस मिनिटांत पंधरा. मग साठ मिनिटांत..." तिचा आवाज एकदम मोठा झाला. "पंचेचाळीस! मॅडम, पंचेचाळीसच येतंय!"

"मग तुला ते आधी कसं कळलं?"

तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "कळलं नव्हतं. बेरीज केली नि अर्धी केली. मला ते सूत्र ध्यानात राहिलं नाय."

कोणीतरी खुदकन हसलं. मला मात्र त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली. मी वर्गाला म्हटलं, "हिचं उत्तर बरोबर आलं, पण का आलं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. टेंपोचं अंतर सारखं होतं, वेळ वेगवेगळी. तिथे बेरजेचं अर्धं चालत नाही, सूत्र चालतं. एसटीची वेळ सारखी, अंतरं वेगवेगळी. तिथे बेरजेचं अर्धं चालतं, सूत्र चालत नाही. आणि हे," मी माझ्या बारीक अक्षराखाली रेघ मारली, "दोन्हीकडे चालतं."

ओमने हात वर केला. "मॅडम, म्हणजे सरांचं सूत्र चुकीचं आहे?"

"सूत्र बरोबर आहे. चुकीच्या गाडीला लावलं."

हे बोलले आणि मला वाटलं, शब्द जरा मवाळ घेतले असते तर बरं झालं असतं. पण मवाळपणा माझ्या स्वभावातच कमी, सासूबाईंना विचारा. सर फळ्याकडे बघत उभे होते. अठरा आणि बारा, तीस आणि चाळीस. त्यांचे ओठ हलत होते. मग ते वळले आणि आपल्या बाकावर जाऊन बसले. साधना मॅडमनी समोर ठेवलेली घंटा वाजवली आणि म्हणाल्या, "पाठ संपला."

मुलाखत मुख्याध्यापिकांच्या खोलीत झाली. पंखा फिरत होता, तरी मला घाम येत होता. महेशरावांनी आधी इकडचंतिकडचं विचारलं, अनुभव किती, घर कुठे, आणि मग मूळ मुद्द्यावर आले.

"बाई, एक सांगा. पोरांसमोर एवढ्या मोठ्या माणसाला खोटं पाडायची काय गरज होती? बाहेर येऊन सांगता आलं नसतं?"

"बाहेर येऊन सांगितलं असतं, तर सरांना कळलं असतं," मी म्हटलं. "पण ती मुलगी भिंतीलाच राहिली असती. आणि वर्गातल्या पोरांनी ते सूत्र प्रत्येक गाडीला लावलं असतं, परीक्षेतसुद्धा."

"उद्या मीटिंगमध्ये मलाही असंच सांगाल?"

"तुम्ही गणित चुकलात तर."

साधना मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हसू लपवत असाव्यात. मी सरांकडे पाहिलं. सगळा भार त्यांच्यावर होता. तुझी चूक नव्हती, एवढं ते म्हणाले असते तरी पुरे होतं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

मग आम्हा तिघा उमेदवारांना व्हरांड्यात बसवलं. शाळा सुटली, पोरं दप्तरं आपटत बाहेर पडली. चहा झाला, खारी झाली. येवल्याहून आलेले पहिले उमेदवार मला म्हणाले, "तुमच्या वर्गात काय झालं हो? पोरं बाहेर येऊन नाचत होती." बराच वेळ गेला आणि साधना मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या हातात कागद होता. त्यांनी माझ्याकडे न बघता येवल्याच्या गृहस्थांचं नाव वाचलं. ते बिचारे माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणाले.

मी उठले. मॅडम मला बाजूला घेऊन हळू म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूने होते. महेशराव नाही म्हणाले."

"आणि सर?"

मॅडमनी हातातला कागद दुमडला. "सरांनी सही केली."

मला रडू आलं नाही. राग आला, असा की कानशिलं तापली. मी पर्स खांद्याला लावून फाटकाकडे निघाले, तेवढ्यात स्नेहा समोर आली. दप्तर पाठीला, हातात अर्धा खाल्लेला पेरू. कोणाची तरी वाट बघत थांबली असावी.

"मॅडम, तुम्ही सोमवारपासून येणार ना?"

"नाही गं."

तिचा चेहरा पडला. मग तिने अगदी हळू विचारलं, "माझ्यामुळं?"

एवढीशी पोर घरी जाणार, जेवणार, झोपणार, आणि डोक्यात हेच घेऊन बसणार की आपलं उत्तर बरोबर आलं म्हणून एका बाईची नोकरी गेली. पुढच्या वेळी ती आधी भिंतीकडे बघेल आणि मग वहीत लिहील. माझी जागा गेली ती गेली. पण हे मी होऊ देणार नव्हते.

मी तिचा हात धरला आणि सरळ मागे वळले. देवरे सर आणि महेशराव व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते, सर बूट घालत होते. मला येताना पाहून महेशराव म्हणाले, "बाई, निर्णय झालेला आहे."

"निर्णयाबद्दल नाही आले," मी म्हटलं. "सर, ही स्नेहा. हिला वाटतंय, हिच्यामुळे काहीतरी चुकलं. तिला तेवढं सांगा, त्या एसटीचा सरासरी वेग किती?"

सरांच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात. ते इतके म्हातारे झालेत, हे मला तेव्हा दिसलं. महेशराव घड्याळ बघत म्हणाले, "अहो, सरांना आता कशाला..." सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पंचेचाळीस," सर म्हणाले. "तुझं उत्तर बरोबर होतं, पोरी. माझं चुकलं. मी ते गणित किती वर्षं असंच घालतोय, आणि किती जणांना भिंतीला..."

स्नेहाने मान हलवली. मोठ्या माणसाने चूक कबूल केली, याचं तिला फारसं नवल वाटलं नाही. तिला वेगळाच प्रश्न पडला होता. तिने माझ्याकडे बोट केलं आणि सरांनाच विचारलं, "मग या मॅडमना का नाय घेतलं?"

सरांनी महेशरावांकडे पाहिलं. महेशरावांनी मोबाइल कानाला लावला, जरी तो वाजला नव्हता. व्हरांड्यात येवल्याचे गृहस्थ जागच्या जागी थांबले होते. सर परत पोरीकडे वळले, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. हातातला बूट खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

मी स्नेहाचा हात सोडला. "याचं उत्तर सर देतील," मी म्हटलं. "थांब तू इथेच. त्यांनी दिल्याशिवाय जाऊ नकोस."

आणि मी फाटकाकडे चालू लागले. पोर हलली नाही. मी रस्त्यावर येऊन वळून पाहिलं, तेव्हाही ती पेरू हातात धरून सरांच्या समोर उभी होती आणि वाट बघत होती.